दोन पिठांची गोष्ट: भजी कुरकुरीत कशी झाली

आज आपण भज्यांविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, भजी काय सांगायची, ती तर सगळ्यांनाच येतात. आम्हालाही तसंच वाटत होतं. म्हणून तर आमच्या गटाने गावच्या यात्रेत भज्यांची गाडी लावली आणि पहिल्याच दिवशी हात पोळून घेतले.

झालं असं की गर्दीत वेळ जायला नको म्हणून आम्ही पहाटेच पाच किलो कांदा चिरला, त्यात मीठ, तिखट, बेसन घातलं आणि मोठ्या पातेल्यात सगळं कालवून ठेवलं. पहिले दोन घाणे छान निघाले. नऊ वाजेपर्यंत पातेल्यात पाणी सुटलं. पीठ पातळ झालं म्हणून वरून बेसन घातलं. मग भजी गच्च व्हायला लागली, म्हणून सोडा घातला. दुपारी कढईतलं तेल भराभर उतरू लागलं आणि कागदाच्या पुड्यातून तेल गिऱ्हाइकाच्या हातावर यायला लागलं. एका आजोबांनी पुडा परत दिला. म्हणाले, "बाई, ही भजी नाहीत, तेलात भिजवलेला कापूस आहे." संध्याकाळी हिशेब मांडला, तर विक्रीचे पैसे तेल आणि बेसनातच गेले होते. दिवसभराची आमची मजुरीसुद्धा निघाली नाही.

त्यानंतर आम्ही गावातल्या जुन्या बायकांकडे बसलो, कोकणातून सून होऊन आलेल्या मैत्रिणींना विचारलं, थोडं वाचलं आणि पुन्हा पुन्हा तळून पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की आपण जे चुकलो ते समजून घ्यायचं तर भज्यांचा इतिहास समजायला हवा. तो दोन पिठांचा इतिहास आहे. एक डाळीचं पीठ, दुसरी तांदळाची पिठी.

आधी डाळीचं पीठ. हरभरा हे आपल्या देशावरच्या काळ्या जमिनीचं रब्बीचं पीक. पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर तो येतो. त्यामुळे हरभऱ्याची डाळ आपल्या घरात फार जुनी. १२व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या सीमेपलीकडे लागूनच. त्या ग्रंथात राजाच्या जेवणाचा एक भाग आहे आणि त्यात हरभऱ्याच्या पिठात हिंग, मीठ, मिरी घालून तेलात तळायचा पदार्थ आहे. म्हणजे बेसन, हिंग आणि तेल यांची ओळख जवळजवळ ९०० वर्षांची.

पण त्या पदार्थात लाल तिखट नाही, आणि बटाट्याची भजी तर असूच शकत नव्हती. मिरची आणि बटाटा दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज समुद्रमार्गाने आले, त्यानंतर हे जिन्नस आपल्याकडे पोचले. तेलाचंही तसंच. आज आपण सहज शेंगदाण्याचं तेल म्हणतो, पण भुईमूगसुद्धा दक्षिण अमेरिकेतून आलेला. १९व्या शतकात आणि त्यानंतर त्याची लागवड आपल्याकडे पसरली. त्याआधी आपल्या घाण्यावर करडई, तीळ, जवस, कारळं गाळलं जायचं. बैल गोल फिरायचा, लाकडी घाण्यातून थोडं थोडं तेल निघायचं. ज्याला तेल म्हणतात ते सोन्यासारखं जपून वापरायचं. म्हणूनच तळण सणावाराला, नाहीतर पाहुणा आल्यावर. तेल पिणारी भजी कोणत्याही बाईला परवडणारी नव्हती. गंमत पाहा, भज्यांच्या एका खेपेला आपण आजही ‘घाणा’च म्हणतो.

आता दुसरं पीठ. तांदूळ हा कोकणाचा, मावळाचा, घाटमाथ्याचा. जिथे पाऊस भरपूर तिथे भात. तिकडे घावन, आंबोळी, मोदकाची उकड, वड्यांचं पीठ, मासा तळताना वरून लावायची पिठी, सगळीकडे तांदूळ. देशावर मात्र रोजची ज्वारी नाहीतर बाजरी. भात सणाला. आमच्या गावातली ८० वर्षांची आजी सांगते की तिच्या लहानपणी तांदूळ मडक्यात तळाशी ठेवलेला असायचा आणि तो दिवाळीला, लग्नाला बाहेर निघायचा. असा तांदूळ दळून कोण भज्यात घालणार?

मग देशावरच्या बायकांनी भजी खुसखुशीत कशी केली? मोहनाने. पिठात दोन चमचे कडकडीत तापलेलं तेल ओतायचं आणि हाताने चोळायचं. तेलाचा पातळ थर पिठाच्या कणांना लागतो, त्यामुळे वरचं आवरण चिवट होत नाही, दाताखाली मोडतं. दुसरी गोष्ट, डाळ घरच्या जात्यावर दळलेली असायची. जात्याचं पीठ गिरणीपेक्षा भरड. त्या भरडपणामुळेही थोडा कुरकुरीतपणा यायचा. पण भरड कणाला पाणी शोषायला वेळ लागतो, म्हणून त्या बायका पीठ भिजवून झाकून ठेवायच्या आणि मग दुसऱ्या कामाला लागायच्या. "भजायचं पीठ भिजू दे," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. त्यामागचं कारण मात्र जात्यात होतं.

पुढे गिरणी आली. पीठ मैद्यासारखं बारीक झालं. जातं कोपऱ्यात गेलं आणि बायकांच्या खांद्यांना विसावा मिळाला, ते फार चांगलं झालं. पण बारीक बेसनाची भजी नुसत्या मोहनावर पूर्वीइतकी कुरकुरीत राहीनात. त्याच काळात रेशनच्या दुकानातून तांदूळ देशावरच्या गावोगाव पोचू लागला. १९७२च्या दुष्काळात ज्वारी मिळेना, तेव्हा मिळेल ते धान्य लोकांनी खाल्लं. आज घरोघरी तांदूळ आहे. जो सणाला निघायचा तो रोजचा झाला. म्हणजे कोकणातल्या बाईच्या हाताशी जी पिठी कायम होती, ती आता आपल्याही हाताशी आली. दोन मुलखांची दोन पिठं एका परातीत येण्याला आता अडचण उरली नाही. एक सांगून ठेवतो: विक्रीच्या भज्यांसाठी रेशनचा तांदूळ वापरायचा नाही, तो घरच्या पोटासाठी असतो. बाजारात तांदळाची कणी मिळते, ती स्वस्त पडते आणि पिठीला उत्तम चालते.

आता पिठी करते काय, ते पाहू. बेसनात प्रथिनं पुष्कळ. ती पाणी धरून ठेवतात, चिकटपणा देतात, सोनेरी रंग देतात आणि चव देतात. पण धरलेलं पाणी ती लवकर सोडत नाहीत. म्हणून नुसत्या बेसनाचं आवरण कढईतून काढलं तेव्हा कडक असतं आणि दहा मिनिटांत आतली वाफ शोषून मऊ पडतं. तांदळाची पिठी म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च. ती थंड पाण्यात फारशी फुगत नाही. तेलात पडली की तिच्यातलं पाणी भराभर निघून जातं आणि मागे पातळ, कडक, मोडणारं आवरण राहतं. ते आवरण तेलही कमी पितं. बेसन भज्याला अंग देतं आणि पिठी त्याला वाळवते, असं म्हणा ना.

मग जास्त पिठी घातली तर जास्त कुरकुरीत? आम्हीही तेच समजलो होतो. म्हणून एका दुपारी तीन वाट्यांत तीन पिठं केली. कांदा, मीठ, तेल, आच सगळं सारखं. पहिल्या वाटीत नुसतं बेसन. दुसऱ्या वाटीत पाच चमचे बेसनाला एक चमचा पिठी. तिसऱ्या वाटीत निम्मं निम्मं. गरम असताना तिन्ही चांगली लागली. आम्ही ती ताटात मोकळी ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा खाल्ली. पहिली मऊ पडली होती आणि खालचा कागद तेलाने भरला होता. दुसरी अजून कुरकुरत होती. तिसरी कडक होती, पण दगडासारखी, रंगाने पांढुरकी, आणि बेसनाची चव हरवलेली. आजींना तिसरं भजं चावेना. तेव्हापासून आमचं माप ठरलं: पाच भाग बेसन, एक भाग पिठी. बटाट्याच्या कापांच्या भज्यांना आवरण पातळ हवं असतं, तिथे चाराला एक चालतं. त्यापुढे जायचं नाही.

पिठी असली की मोहन निम्मं करायचं, हेही आम्ही शिकलो. दोन्ही पूर्ण घातलं तर भजी तेलात फुटतात आणि तेलकट होतात. सोड्याचंही असंच. सोड्याने पिठात बुडबुडे होतात, भजं फुगतं, पण त्या बुडबुड्यांच्या भोकांतूनच तेल आत शिरतं. सोडा जास्त झाला की जिभेला साबणासारखी चव येते आणि भजी काळपट लाल होतात. पिठी घातलेल्या कांद्याच्या भज्यांना सोडा लागतच नाही. बटाट्याच्या भज्यांना घालायचाच तर एक वाटी पिठाला चिमूटभर, आणि तोही तळायला घेताना. आधी घातलेल्या सोड्याची हवा तळायच्या आधीच निघून जाते.

आता पीठ किती घट्ट आणि किती वेळ ठेवायचं, हा प्रश्न. इथेच यात्रेत आमचं चुकलं. "पीठ भिजू द्यावं" हे आजीचं म्हणणं आम्ही कांद्याच्या भज्यांनाही लावलं. ते बटाट्याच्या, घोसाळ्याच्या, ओव्याच्या पानांच्या भज्यांसाठी बरोबर आहे, कांद्यासाठी नाही.

बटाट्याच्या भज्यांचं पीठ वेगळं भिजवायचं असतं. एक वाटी बेसन, पाव वाटीला थोडी कमी पिठी, मीठ, हळद, तिखट, हातावर चोळलेला ओवा आणि हिंग. आधी अर्धी वाटी पाणी घालून गुठळ्या मोडायच्या, मग थोडं थोडं पाणी घालत जायचं. साधारण पाऊण वाटीच्या आत काम होतं. मग झाकून १५ मिनिटं ठेवायचं. बेसन पाणी शोषतं, कच्चेपणा जातो, पीठ थोडं घट्ट होतं. आता ते पाहायचं. बटाट्याचा काप बुडवून वर उचला. पीठ कापाला चिकटून राहिलं, खाली एक जाडसर धार पडून थांबली आणि काप आतून दिसला नाही, तर बरोबर. काप दिसतोय तर पीठ पातळ. असं पीठ कढईत पसरतं, बटाट्यावरून सुटतं आणि तेल पितं. पीठ गोळ्यासारखं लोंबत राहिलं तर घट्ट. मग भजं बाहेरून लाल, आतून कच्चं आणि जड. तळताना पिठी तळाशी बसते, म्हणून दर घाण्याला एकदा पीठ ढवळायचं. नाहीतर पहिली भजी मऊ आणि शेवटची दगड होतात.

कांद्याच्या भज्यांचं उलट. तिथे पाणी आपण घालत नाही, कांदा देतो. मीठ लागलं की कांदा पाणी सोडतो आणि सोडतच राहतो. म्हणून आधी नुसता कांदा मिठात ठेवायचा आणि पीठ तळायच्या वेळेला घालायचं. एक किलो कांद्याचं माप आम्ही असं ठरवलं आहे. कांदा उभा, पातळ चिरून पाकळ्या हाताने सुट्या करायच्या. दोन लहान चमचे मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचं. मग तिखट, हळद, ओवा, कोथिंबीर घालायची. अडीचशे ग्रॅम बेसन आणि ५० ग्रॅम पिठी आधी कोरडीच एकत्र करून ठेवायची आणि त्यातली मूठ मूठ कांद्यावर भुरभुरायची. शेवटी एक मोठा चमचा कडकडीत तेल. हलक्या हाताने कालवायचं, मळायचं नाही. मळलं की कांदा आणखी पाणी सोडतो. पीठ कांद्याला जेमतेम चिकटलेलं दिसलं पाहिजे, मधून कांदा दिसला पाहिजे. तेलात त्याचे पाय बाहेर येतात, म्हणून तर ती खेकडा भजी.

सगळं पीठ संपलंच पाहिजे असं नाही. कांदा सगळ्या वेळी सारखा नसतो. चाळीत साठवलेला उन्हाळी कांदा कोरडा असतो, त्याला पीठ कमी लागतं आणि कधी पाण्याचा हात फिरवावा लागतो. दिवाळीच्या सुमाराला येणारा नवा लाल कांदा पाणीदार. त्याला सुटलेलं पाणी जास्त झालं तर पिळून बाजूला काढा, पीठ वाढवत बसू नका. आम्ही यात्रेत पीठ वाढवत बसलो होतो. कालवलेला कांदा दहा मिनिटांच्या आत कढईत गेला पाहिजे. म्हणून आता आम्ही एका वेळी एकच किलो कालवतो. बाकीचा चिरलेला कांदा मिठाशिवाय झाकून ठेवतो.

पीठ बरोबर असलं तरी कढईत घोटाळा होतो. पिठाचा एक थेंब तेलात टाका. तो तळाला जाऊन लगेच बुडबुड्यांसकट वर आला तर तेल तयार. तळालाच बसून राहिला तर तेल थंड. थंड तेलात आवरण धरायला वेळ लागतो आणि तोपर्यंत भजं तेल पीत बसतं. टाकताक्षणी काळा झाला तर तेल फार तापलंय, आच कमी करा. कढईत तेलाचा वरचा भाग भज्यांनी गच्च भरला की तेल एकदम निवतं. अर्धी कढई मोकळी राहू द्या. बुडबुडे कमी झाले, आवाज बारीक झाला की समजा आतलं पाणी निघालं आणि भजी काढायची वेळ झाली.

शेवटची गोष्ट आम्हाला सगळ्यात उशिरा कळली. भजं तेल पितं ते बहुतेक करून कढईत नाही, कढईबाहेर. तेलात असताना आतली वाफ बाहेर ढकलत असते, तेल आत येऊ देत नाही. बाहेर काढलं की वाफ निवते आणि बाहेर लागलेलं तेल भोकांतून आत ओढलं जातं. म्हणून तेल निथळायचं ते लगेच, भजं गरम असताना. झारा कढईच्या काठावर दोन-तीनदा हलका आपटा, मग भजी जाळीवर मोकळी पसरा. परातीत ढीग केला की खालची भजी वरच्यांची वाफ आणि तेल दोन्ही घेतात. आणि झाकण कधीच नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली भजी पाच मिनिटांत लेची पडतात, मग पिठी कितीही घाला. कागदी पुड्याचं तोंडही उघडंच ठेवायचं.

पिठीबद्दलही एक लक्षात ठेवा. गिरणीत कणी दळायला द्याल तेव्हा तांदळावर तांदूळ दळत असतील तेव्हाच द्या. गव्हावर टाकली तर पिठीत गव्हाचं पीठ येतं, आणि गव्हाच्या पिठाने भजी चिवट होतात. तांदूळ कोरडाच दळायचा आणि पिठी बारीक चाळून घ्यायची. मोदकासाठी धुऊन वाळवलेल्या तांदळाची पिठी लागते, भज्यांना ती खटपट नको.

मापं लिहून ठेवायची सवयही आम्हाला याच भज्यांनी लावली. आपल्या आया ‘अंदाजाने’ सांगायच्या, कारण त्यांचा अंदाज जात्यावर आणि रोजच्या हातावर तयार झालेला होता. १९७०मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि घराघरात वाटी-चमच्याचं माप गेलं. गटाने मिळून करायच्या कामाला तर माप हवंच. आज कालवणारी बाई वेगळी, उद्याची वेगळी, पण गिऱ्हाइकाला भजी तीच हवी असतात. आमच्या गाडीवर आता एक पाटी टांगलेली आहे: पाच-एक, सोडा नाही, एका वेळी एक किलो.

पुढच्या यात्रेला आम्ही पुन्हा गाडी लावली. सकाळी कढईत तेल मोजून ओतलं, संध्याकाळी उरलेलं मोजलं. पहिल्या वर्षीपेक्षा जास्त कांदा तळूनही तेल कमी लागलं होतं, आणि या वेळी सगळ्यांची मजुरी निघाली. ते आजोबाही आले होते. पुडा हातात घेऊन त्यांनी आधी कागद उलटा करून पाहिला, मग एक भजं मोडून कानाजवळ धरलं. म्हणाले, "वाजतंय." आणि आणखी एक पुडा बांधून घेतला, तोंड उघडं ठेवून.

तुमच्या भागात भज्यांच्या पिठात काय घालतात, ज्वारीचं, नाचणीचं की आणखी काही, ते आम्हाला कळवा. तुमच्याकडच्या जुन्या बायकांना विचारून कळवा.